सोडत आजीच्या पोटात निघाली होती: एकाच आईच्या दोन मुलांत आजार एवढा वेगळा का?

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मरीन परेडला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एक मराठी कुटुंब राहतं. मोठी मुलगी तेरा वर्षांची. कानाला मशीन, वयाच्या मानाने उंची कमी, आणि डोकं दुखायला लागलं की उलट्या. गेल्या वर्षी एकदा अर्धांगवायूसारखा झटका येऊन ती काही दिवस हॉस्पिटलमध्ये होती. धाकटा नऊ वर्षांचा, ईस्ट कोस्ट पार्कात सायकल हाणतो ती थांबायचं नावच नाही. तपासण्या झाल्या, आणि मुलीच्या रिपोर्टवर एक ओळ आली: m.3243A>G. त्याच्यापुढे एक टक्केवारी. डॉक्टर म्हणाले, हे आईकडून येतं.

बस, एवढंच वाक्य पुरे झालं. व्हिडिओ कॉलवर भारतातून चौकश्या सुरू झाल्या. "ग्रहणात बाहेर गेली होतीस का?" "सातव्या महिन्यापर्यंत ऑफिसला जात होतीस ना?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिने स्वतःलाच विचारलेला प्रश्न: "मी हिच्या वेळी काय केलं, जे त्याच्या वेळी केलं नाही?"

माझं मत आधीच सांगते. हा प्रश्न नुसता निष्ठुर नाही, तो शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे. आणि जो दुसरा प्रश्न आपण घाईने विचारतो, "धाकट्याचीही टक्केवारी काढून घेऊ या का?", त्याचं उत्तर माझ्या मते बहुतेक वेळा "आत्ता नको" असं आहे. का, ते सांगते.

आपल्या पेशीत शक्ती तयार करणारे छोटे कण असतात, मायटोकाँड्रिया. शाळेत आपण त्यांना तंतुकणिका म्हणायचो. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, 16,569 अक्षरांचा, 37 जनुकांचा. पेशीच्या केंद्रातल्या डीएनएच्या दोनच प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. मायटोकाँड्रियाच्या डीएनएच्या मात्र एकेका पेशीत शेकडो ते हजारो प्रती असतात, आणि त्या सगळ्या आईकडूनच येतात. वडील त्या पुढे देत नाहीत. 3243 हा त्यातल्या एका अक्षराचा पत्ता. तिथे A च्या जागी G झाला की पेशीला शक्ती तयार करणारी काही प्रथिनं नीट बनवता येत नाहीत. 1990 मध्ये जपानी संशोधकांनी हा बदल मुलांमधल्या अशा झटक्यांशी जोडला. 1992 मध्ये डच संशोधकांना तोच बदल एका कुटुंबात सापडला, जिथे आईच्या बाजूने मधुमेह आणि बहिरेपणा चालत आला होता.

आता खरी गंमत. हजार प्रतींपैकी सगळ्याच बिघडलेल्या नसतात. काही चांगल्या, काही बिघडलेल्या, एकाच पेशीत शेजारी शेजारी. या मिसळीला हेटरोप्लाझमी म्हणतात, आणि रिपोर्टवरची टक्केवारी म्हणजे बिघडलेल्या प्रतींचं प्रमाण. थोड्या बिघडल्या तर चांगल्या प्रती काम ओढून नेतात. प्रमाण एका मर्यादेच्या वर गेलं की पेशी थकते. ज्या अवयवांना शक्ती जास्त लागते ते आधी तक्रार करतात: कान, मेंदू, हृदयाचा स्नायू, स्वादुपिंड.

मग दोन भावंडांत फरक का? डब्यात मूग आणि मटकी मिसळलेली आहे असं समजा, शंभरात चाळीस मटकी. डोळे मिटून मोठं भांडं भरून काढलं, तर त्यातही साधारण चाळीस टक्केच मटकी येईल. पण फक्त दहा दाणे उचलले तर? कधी दोन मटकी येतील, कधी सात. आता त्या दहा दाण्यांपासूनच पुन्हा डबा भरायचा आहे. दोन मटकीवाल्याचा डबा वीस टक्क्यांचा होईल, सातवाल्याचा सत्तर टक्क्यांचा. कुणी काही चूक केली नाही, फक्त मूठ लहान होती.

बीजांडाच्या बाबतीत तसंच होतं. पूर्ण वाढलेल्या बीजांडात या डीएनएच्या लाखाच्या घरात प्रती असतात. पण ज्या मूळ पेशींपासून बीजांडं तयार होतात, त्यांच्यात एका टप्प्यावर प्रती फार कमी, काही शेकडाच उरतात. त्या पेशी विभागत जातात आणि प्रत्येक विभागणीत प्रती कशाही वाटल्या जातात, म्हणजे मूठ एकदा नाही, पुन्हा पुन्हा भरली जाते. म्हणून एकाच बाईच्या दोन बीजांडांत प्रमाण फार वेगळं निघू शकतं.

आणि हे होतं कधी? इथे जरा थांबून वाचा. मुलीची बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या दोन्ही मुलांची सोडत जवळजवळ सगळी तेव्हाच निघून गेली होती, जेव्हा ती स्वतः गर्भ होती, चाळीसेक वर्षांपूर्वी, सांगली जिल्ह्यात, तिच्या आईच्या पोटात. तेव्हा ना ऑफिस होतं, ना सिंगापूर, ना ते ग्रहण. गरोदरपणात तिने काय खाल्लं, किती चालली, याने त्या बीजांडातलं प्रमाण बदललं नसतं. आणि आजीलाही दोष देऊ नका. दाणे कुणी मोजून घालत नाही.

आता टक्केवारीकडे येऊ, कारण खरा घोळ इथे होतो. घरात तीन रक्ततपासण्या झाल्या. मुलगी, वय 13: 36 टक्के. आई, वय 42: 9 टक्के. पुण्याची मावशी, वय 38: 2 टक्के. घरातल्यांनी लगेच हिशोब मांडला, "आईच्या चौपट मुलीत कसं?" आणि मावशी म्हणाली, "मला तर नाहीच."

दोन्ही चूक. या विशिष्ट बदलाचं रक्तातलं प्रमाण वयाबरोबर घसरत जातं, कारण रक्त तयार करणाऱ्या ज्या पेशींत बिघाड जास्त असतो त्या मागे पडतात आणि निरोगी पेशी पुढे जातात. म्हणून आईचा आणि मुलीचा आकडा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. न्यूकासलच्या संशोधकांनी यासाठी एक सूत्र दिलंय:

रक्तातलं प्रमाण ÷ 0.977^(वय + 12)

आपल्या आकड्यांवर लावून बघा. आईचं 9 टक्के झालं सुमारे 32. मुलीचं 36 झालं सुमारे 64. मावशीचं 2 झालं 6 च्या आसपास. म्हणजे आई-मुलीत फरक चौपट नाही, दुप्पट आहे. आणि एकाच आजीच्या दोन मुली, एकीचं 32, दुसरीचं 6. मैत्रिणीला पस्तिशीपासून कमी ऐकू येतं आणि अंगाने बारीक असूनही मधुमेह आहे. मावशी ठणठणीत. भावंडांतला फरक याच घरात एक पिढी आधीही होता, फक्त कुणी त्याला नाव दिलं नव्हतं. आजीचा बहिरेपणा "वयाचा" आणि साखर "घराण्यातली" म्हणून सोडून दिली होती.

यावरून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मोठ्या माणसाचा रक्ताचा रिपोर्ट "नाही" म्हणाला तरी तो खात्रीचा नाही. लघवीतल्या पेशींत हा बदल जास्त टिकून राहतो, म्हणून डॉक्टर लघवीचा नमुनाही मागतात. आणि सूत्राने काढलेला आकडाही भविष्य नाही. सारखंच प्रमाण असलेल्या दोन माणसांची तब्येत वेगळी असू शकते, कारण पेशीच्या केंद्रातली इतर जनुकंही यात हात घालतात. शिवाय एकाच मुलाच्या रक्तातलं, स्नायूतलं आणि मेंदूतलं प्रमाण एक नसतं.

म्हणूनच धाकट्याबद्दल माझं मत असं. आईत हा बदल आहे, म्हणजे तो त्याच्यातही कमीजास्त असणार असं धरूनच चालायचं. मग आकडा काढून नवीन काय कळणार? 15 आला तर आपण बेफिकीर होऊ, 50 आला तर सायकल काढून घेऊ, आणि दोन्ही चुकीचं ठरू शकतं. त्यापेक्षा आकड्याशिवाय करता येणारं सगळं करा: दरवर्षी ऐकण्याची तपासणी, साखर, हृदयाचा ईसीजी, उंची-वजनाची नोंद. आणि त्याच्या प्रत्येक डॉक्टरला आईचं निदान सांगून ठेवा. याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन ही औषधं अशा रुग्णांत डॉक्टर शक्यतो टाळतात. मैत्रीण कित्येक वर्षं मेटफॉर्मिनच घेत होती, निदानानंतर डॉक्टरांनी बदललं. (हे वाचून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नका, आधी विचारा.)

यावर तिच्या नवऱ्याचा आक्षेप होता, आणि तो हलका नाही. "उद्या त्याला तसाच झटका आला तर? माहीत असतं तर आधी ओळखलं असतं, असं आयुष्यभर वाटेल." मी म्हटलं, झटका ओळखायला टक्केवारी लागत नाही. डोकेदुखी, उलटी आणि एका बाजूचं दिसणं किंवा हलणं कमी झालं की थेट इमर्जन्सी, आकडा काहीही असो. त्रास सुरू झाला किंवा उपचार त्या आकड्यावर ठरणार असतील, तर तपासणी जरूर करा. नुसती आपली धाकधूक शमवायला मात्र नऊ वर्षांच्या मुलाच्या कपाळावर आकडा चिकटवू नका. अठरा वर्षांचा झाल्यावर त्याला हवं असेल तर तो विचारेल.

मुलीचा प्रश्न वेगळा, कारण ती हे पुढे देऊ शकते, तो नाही. तिच्यापासून लपवू नका. मोठी होईल तेव्हा तिच्यापुढे पर्याय असतील: दात्याचं बीजांड, गर्भाची आधी तपासणी, कदाचित मायटोकाँड्रिया दानही. ब्रिटनने 2015 मध्ये ते कायदेशीर केलं, आणि 2025 मध्ये न्यूकासलच्या चमूने त्यातून जन्मलेल्या आठ बाळांची माहिती प्रसिद्ध केली. इथे सिंगापुरात बायोएथिक्स ॲडव्हायजरी कमिटीने 2018 मध्ये याच विषयावर लोकांची मतं मागवली होती. निर्णय तिचा. आपलं काम एवढंच, की ती योग्य वयात हे घरातूनच ऐकेल, लग्नाच्या बोलणीत कुणाच्या तोंडून नाही.

तुमच्या घरी आईच्या बाजूला बहिरेपणा आणि मधुमेह जोडीने चालत आला असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वडिलांकडचा मधुमेह आपण सगळे सांगतो, आजीचे कान कुणी सांगत नाही.

आणि व्हिडिओ कॉलवर पुन्हा कुणी ग्रहण काढलं, तर त्यांना मूग-मटकीचा डबा दाखवा.