‘ॲज इफ’नंतरचा भूतकाळ

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वह्यांत ‘ॲज इफ’ आणि ‘ॲज दो’साठी एक नियम लिहिलेला असतो. आधीचं क्रियापद वर्तमानकाळात असेल तर पुढचं साध्या भूतकाळात घालायचं, आधीचं भूतकाळात असेल तर पुढे ‘हॅड’ लावायचं. पाठ करायला सोपा आहे खरा. पण त्याचा पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि दुसरा बहुतेक वेळा चूक ठरतो. या नियमाला काळाची चिंता आहे. ‘ॲज इफ’नंतरच्या क्रियापदाला मात्र मुख्यतः बोलणाऱ्याच्या विश्वासाची चिंता असते.

‘ही टॉक्स ॲज इफ ही ओन्ड द प्लेस’ हे वाक्य घ्या. सगळी जागा आपलीच असल्याच्या थाटात तो बोलतो. ‘ओन्ड’ हे रूप भूतकाळाचं, पण पूर्वी कधी तो मालक होता असा अर्थ इथे नाही. वाक्यात एक तुकडा गाळलेला आहे. तो भरला तर वाक्य होतं: ‘ही टॉक्स ॲज ही वुड टॉक इफ ही ओन्ड द प्लेस’, म्हणजे जागा त्याची असती तर तो जसा बोलला असता तसा. मूळ ‘इफ’ अशक्य अटीचा आहे, म्हणून भूतकाळी रूप आलं.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘उद्या पाऊस आला तर सामना होणार नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा ‘आला’ हे रूप भूतकाळाचं असूनही बोलणं उद्याचंच असतं. अडचण येते ती ‘जणू’पाशी. ‘जणू मालकच आहे’ असं आपण सरळ वर्तमानकाळात म्हणतो, आणि तोच ‘आहे’ इंग्रजी लिहिताना हातून उतरतो: ‘ॲज इफ ही इज द ओनर’. हे वाक्य व्याकरणात बसतं. मात्र त्यात तो खरोखर मालक असण्याला जागा उरते.

याचा परिणाम कुठे होतो ते पाहा. समजा, अपघातानंतर तपासायला आलेल्या माणसाबद्दल डॉक्टर अहवालात लिहितो, ‘ही वॉक्स ॲज इफ ही इज इन पेन’. वाचणारा समजतो की चालण्यावरून वेदना होत असाव्यात. आता ‘इज’च्या जागी ‘वेअर’ घाला. वेदना नाहीत, हा माणूस सोंग करतोय, असा डॉक्टरचा ग्रह वाक्यातून बाहेर येतो. मराठीत ‘दुखत असल्यासारखा चालतो’ म्हटलं की हा प्रश्न उघडा ठेवता येतो. इंग्रजीत एका क्रियापदाने कौल दिला जातो, आणि नुकसानभरपाईचा दावा असेल तर तो कौल त्या माणसाला महागात पडू शकतो. म्हणूनच ‘इट लुक्स ॲज इफ इट इज गोइंग टु रेन’ यात ‘इज’च हवं. ढग भरून आलेत, पाऊस खरंच येणार असं आपल्याला वाटतंय.

उलट बाजूने मात्र ही खूण तितकी भरवशाची नाही. रोजच्या बोलण्यात इंग्रजी भाषिक उघड खोट्या गोष्टीलाही वर्तमानकाळ वापरतात. ‘ही टॉक्स ॲज इफ ही ओन्स द प्लेस’ सर्रास ऐकू येतं. म्हणजे वर्तमानकाळी मुख्य क्रियापदानंतर आजच्याच गोष्टीसाठी भूतकाळी रूप दिसलं तर बोलणाऱ्याला ती गोष्ट खरी वाटत नाही, असं बहुधा धरता येतं. पण वर्तमानकाळ दिसला म्हणून ती त्याला खरी वाटते असं धरता येत नाही. लिहिताना आपण हा फरक पाळावा. वाचताना दुसऱ्यानेही तो पाळलाच असेल असं मानू नये.

आता नियमाचा दुसरा भाग. मुख्य क्रियापद ‘टॉक्ड’ झालं तरी ‘ओन्ड’ जागचं हलत नाही: ‘ही टॉक्ड ॲज इफ ही ओन्ड द प्लेस’. बोलणं आणि मालकीचा आव एकाच वेळचे आहेत. इथे ‘हॅड ओन्ड’ घातलं तर मालकी त्या बोलण्याच्याही आधीची होते. ‘हॅड’ लागतं ते खरोखरच मागे जायचं असेल तेव्हा. ‘शी ग्रीटेड मी ॲज इफ शी हॅड नोन मी फॉर इयर्स’ यात ओळख भेटीच्या कितीतरी आधीपासूनची भासते, म्हणून ‘हॅड’ योग्य. मुख्य क्रियापद वर्तमानकाळात असतानाही ते येऊ शकतं: ‘ही लुक्स ॲज इफ ही हॅड सीन अ घोस्ट’. चेहरा आत्ताचा, भूत मघाचं.

मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की खरं-खोट्याची खूणही पुसली जाते. ‘ही लुक्ड ॲज इफ ही वॉज इल’ यातला माणूस आजारी होता की नव्हता, ते ‘वॉज’वरून कळत नाही, कारण खऱ्या गोष्टीसाठीही तिथे ‘वॉज’च येणार. ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा ‘आय’पुढे ‘वेअर’ लिहिलं तर खोटेपणाची थोडी खूण राहते, पण आज बरेच जण दोन्हीकडे ‘वॉज’ वापरतात. अशा वेळी अहवाल लिहिणाऱ्याने ‘ॲज इफ’ सोडून द्यावं आणि ‘ही अपिअर्ड टु बी इल’ किंवा ‘ही प्रिटेंडेड टु बी इल’ यांपैकी जे म्हणायचं असेल ते सरळ लिहावं.