चहाचा ट्रे कोण आणणार?

जळगावच्या एका अम्मींनी पत्र पाठवून एक अडचण विचारली होती. नंतर त्यांच्याशी आणि त्यांच्या मुलीशी फोनवरही बोलणं झालं. त्या दोघींच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

मुलगी सव्वीस वर्षांची, बी.ए. झालेली, घरी शिकवण्या घेते. तीन वर्षांची असताना पोलिओ झाला. डावा पाय बारीक आणि अशक्त. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर लावून आणि उजव्या हातात कुबडी घेऊन ती चालते. धुळ्याहून एक रिश्ता आला होता. त्यांनी फोटो पाहिला होता, पण तो कमरेपर्यंतचाच. घरातली वडीलधारी मंडळी म्हणत होती, "आधी येऊन मुलगी तर बघू द्या. बोलणं-चालणं आवडलं की पायाचं काही वाटणार नाही." अम्मींचे प्रश्न दोन होते. सांगायचं केव्हा, आणि भेट कुठे ठेवायची? माझ्या मते हा प्रश्न एकच आहे. पाहुण्यांना आधी काय सांगितलं आहे, यावरच भेटीची जागा ठरते.

न सांगता भेट ठेवली, तर घर आपोआप लपवण्याच्या तयारीला लागतं. आपल्याकडे हे कसं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पाहुणे येण्याआधीच मुलीला सोफ्यावर बसवून ठेवतात, ओढणी पायावर नीट पसरतात, कुबडी पलंगाखाली सरकवतात. चहाचा ट्रे धाकटी बहीण आणते. पाहुण्यांतली एखादी खाला म्हणते, "बेटी, जरा पाणी आण ना." ती हे सहज म्हणत नाही. मुलीचं चालणं बघण्याची ती जुनी रीत आहे. मग खोलीत शांतता पसरते. या मुलीच्या बाबतीत पूर्वी एकदा असंच झालं होतं. पाहुणे रागावले ते पायावरून नाही, "आम्हाला सांगितलं का नाही" यावरून. ती मला म्हणाली, "बाजी, दीड तास मी उठले नाही. मला नमाजला उठायचं होतं, तरी उठले नाही."

निकाहाआधी मुलाने मुलीला पाहावं, असं प्रेषित (स.) यांनी हजरत मुगीरा (रजि.) यांना सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. बघण्याची ही परवानगी खरं कळावं म्हणूनच आहे. फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांना दोन रिश्ते आले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी दोन्ही माणसांविषयी जे खरं होतं ते सरळ सांगितलं आणि तिसरं नाव सुचवलं. रिश्त्याच्या बाबतीत विचारणाऱ्याला खरी माहिती देणं ही गीबत होत नाही, असं उलमा या हदीसवरून सांगतात. म्हणून तुम्ही लपवलंत तरी मुलाकडचे मोहल्ल्यात चौकशी करणार आणि शेजारी खरं सांगणार. मग ती गोष्ट तुमच्या शब्दांत सांगितली जाणार नाही.

तेव्हा तारीख ठरण्याआधी, फोनवर, एका वडीलधाऱ्याने दुसऱ्या वडीलधाऱ्याला सांगावं. बायोडाटात एक ओळ पुरे: "लहानपणी पोलिओ झाल्याने डाव्या पायाला कॅलिपर, कुबडी घेऊन स्वतः चालते." सोबत उभा, पूर्ण फोटो, कुबडीसह. प्रमाणपत्र मात्र पाठवू नये. एका घरी ते व्हॉट्सअॅपवर गेलं आणि तिथून नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरलं. शिवाय त्यावरच्या टक्क्यांनी गैरसमज होतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर कायद्याने सवलती मिळतात, त्यासाठी तो आकडा असतो. "६० टक्के" वाचून लोकांना वाटतं, मुलगी चाळीस टक्केच काम करू शकते. माणसाला काय जमतं हे त्या आकड्यातून कळत नाही.

फोनवर काय बोलायचं, ते आम्ही अम्मींसोबत कागदावर उतरवलं. आधी नाव आणि कारण: पोलिओ. हा विषाणूचा आजार आहे, तो आईबापांकडून मुलांत उतरत नाही. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे तरुण मुलांना हा आजारच नीट माहीत नसतो आणि आनुवंशिकतेची शंका हमखास येते. मग ती काय करते: स्वयंपाक, शिकवण्या, आंघोळ, सगळं स्वतः. नमाज खुर्चीवर बसून. आणि शेवटी, न चुकता, काय जमत नाही: जमिनीवर बसून उठणं, भारतीय पद्धतीचं शौचालय, दोन्ही हातांत काही धरून चालणं, न थांबता दोन-तीनशे मीटरपेक्षा जास्त चालणं. अम्मींना ही शेवटची यादी नको होती. मुलीनेच आग्रह धरला. सासरी पहिल्याच दिवशी लागणाऱ्या गोष्टी याच आहेत, असं ती म्हणाली.

दोन प्रश्न हमखास येतात. "पुढे वाढणार तर नाही ना?" याला "मुळीच नाही" म्हणू नये. पोलिओचा पाय वर्षानुवर्षं तसाच राहतो, पण उतारवयाकडे काहींना थकवा आणि अशक्तपणा वाढतो. हे सांगून टाकावं. दुसरा प्रश्न मुलाबाळांचा. पोलिओमुळे मूल होण्यात अडचण येत नाही, पण कमरेचं हाड तिरकं झालं असेल तर बाळंतपण कसं होईल हे डॉक्टरच सांगू शकतात. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाला आधीच दाखवून ठेवावं. घरातल्या कुणी अंदाजाने उत्तर देऊ नये.

धुळ्याच्या त्या लोकांनी फोननंतर दोन दिवसांनी नकार कळवला. अम्मी रडल्या. मुलगी मात्र म्हणाली, नव्वद किलोमीटरवरून येऊन नकार देण्यापेक्षा हे बरं झालं. दीड महिन्याने धुळ्याचाच दुसरा रिश्ता आला. मुलगा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. फोनवर तीच सगळी यादी सांगितली. ते म्हणाले, येतो.

आता जागा. यांचं घर पहिल्या मजल्यावर, सतरा पायऱ्या, जिन्याला कठडा एकाच बाजूला. पाहुणे वर येणार आणि ही आधीच बसलेली असणार, म्हणजे पुन्हा तेच चित्र. म्हणून भेट खालाच्या तळमजल्याच्या घरी ठरली, कारण तिथे ती त्यांच्यासमोर स्वतः चालत येऊ शकत होती. ओट्याला दोन पायऱ्या होत्या. त्या तिला जमतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कॅलिपरचा पाय आधी, आणि हाताशी भिंत किंवा कठडा.

खालाला तीन गोष्टी सांगितल्या. पाहुणे येण्याआधी फरशी पुसू नका. आपल्याकडे ऐन वेळी पोछा मारायची सवय असते आणि ओल्या गुळगुळीत फरशीवर कुबडीचा रबरी बूट सटकतो. तो बूट झिजला असेल तर आदल्या दिवशी बदलावा. दुसरं, सोफा नको. खोल, मऊ सोफ्यावरून कॅलिपरवाल्याला उठता येत नाही, कुणीतरी हात धरून ओढावं लागतं. सुमारे दीड फूट उंचीची, हात असलेली साधी खुर्ची, आणि डाव्या बाजूला पाय सरळ ठेवायला जागा. बसताना गुडघ्याची कडी उघडते, उठताना बसते, तेव्हा "खट्" असा आवाज येतो. तो येऊ द्यावा. तिसरं, चहा भाऊ आणेल.

यावर खाला अडून बसल्या. मुलीने ट्रे आणला नाही तर लोक काय म्हणतील? पण एका हातात कुबडी असताना ट्रे धरताच येत नाही, आणि हे पाहुण्यांना फोनवर सांगून झालं होतं. भावाने चहा आणला. मुलाच्या अब्बूंनी चहा घेतला, साखर जास्त झाली म्हणाले. तेवढंच.

दुसरी भेट दोघांना जरा मोकळं बोलता यावं म्हणून होती. तिचा भाऊ आणि त्याची बहीण शेजारच्या टेबलावर. तिथे हॉटेल निवडताना लक्षात आलं की शहरातल्या बऱ्याच हॉटेलांत "फॅमिली सेक्शन" वरच्या मजल्यावर असतं. फोनवर "रॅम्प आहे का?" विचारलं तर उत्तर "हो, या ना" असंच येतं. म्हणून "रस्त्यापासून टेबलापर्यंत किती पायऱ्या आहेत?" असं विचारावं आणि आदल्या दिवशी भावाला पाठवून फोटो मागवावेत: दाराचा, खुर्चीचा, शौचालयाचा. भिंतीला जोडलेले बाक असतील तर ती जागा सोडावी, सरळ पाय घेऊन त्यात सरकता येत नाही. मुलाच्या बहिणीने मेहरूण तलावावर जाऊ असं सुचवलं होतं. काठ सुंदर आहे, पण रिक्षा कुठवर जाते आणि पहिला बाक किती पावलांवर आहे, हे पाहिल्याशिवाय ठरवू नये. शिवाय मे महिना होता. आपल्याकडच्या उन्हात कॅलिपरचे पट्टे घामाने ओले होऊन कातडी सोलतात. असरनंतरची वेळ आणि पंख्याखालचं टेबल, असं ठरलं.

व्हीलचेअर असेल तर हिशेब आणखी कडक होतो. तेव्हा एक पायरीही खूप. रॅम्पला उंचीच्या बारा पट लांबी हवी. म्हणजे चौदा इंचांच्या दोन पायऱ्यांसाठी चौदा फूट रॅम्प लागतो. दारात टाकलेली चार फुटांची फळी म्हणजे घसरगुंडीच. चाकांची खुर्ची साधारण सव्वादोन फूट रुंद असते, तेव्हा दार निदान अडीच फूट मोकळं हवं. शौचालयाचं दार टेपने मोजून घ्यावं. "आम्ही चौघं मिळून उचलू" असं लोक प्रेमाने म्हणतात. पण होणाऱ्या सासरच्यांसमोर उचलून नेलं जाणं त्या मुलाला किंवा मुलीला चालेल का, हे आधी त्यांनाच एकट्यात विचारावं. एका तरुणाने मला सांगितलं होतं, त्यापेक्षा तो अंगणातच भेटेल.

हॉटेलात त्या दोघांचं बोलणं पाऊण तास चाललं. त्यातलं पायाविषयी फार तर पाच मिनिटं. बाकी दुकान, शिकवण्या, आणि ती धुळ्यात पुढे शिकवू शकेल का, यावर. निर्णय दोन्ही घरांनी अजून दिलेला नाही, इस्तिखारा चालू आहे. गेल्या आठवड्यात मुलाच्या अम्मींचा फोन आला. त्यांच्या देवपुरातल्या घरी येण्याचं आमंत्रण होतं. शौचालय भारतीय पद्धतीचं आहे, तर सध्या कमोडची खुर्ची आणून ठेवू का, आणि तिची उंची किती हवी, असं त्यांनी विचारलं. अम्मींना उंची माहीत नव्हती. त्यांनी फोन मुलीकडे दिला.