निकालाचं शेवटचं पान

आत्याच्या घरातल्या केसचा निकाल लागला त्या संध्याकाळी भाच्यानं मला व्हॉट्सअॅपवर एका पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, हरलो का?" फोनवर मागून आत्याचा आवाज येत होता, "कोर्टानं त्यांना निर्दोष म्हटलं. म्हणजे आपण खोटं बोललो, असंच ना?"

निकालपत्राच्या शेवटच्या या भागाला आदेश म्हणतात. तो एका दमात वाचला की गोंधळ होतो. मी वहीत तक्ता आखला: डावीकडे चार आरोपींचे क्रमांक, वर कलमं. मग आदेशातला एकेक परिच्छेद त्या चौकटीत भरला. घटना 2019ची, त्यामुळे कलमं जुन्या दंड संहितेची होती. आरोपी क्रमांक 1 आणि 2 धारदार हत्यारानं दुखापत केल्याच्या कलम 324 खाली दोषी ठरले होते. एक वर्ष कैद आणि दंड. पण याच दोघांची अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3(1)(आर) मधून, म्हणजे लोकांसमोर जातीवरून अपमान केल्याच्या आरोपातून, मुक्तता झाली होती. 3 आणि 4 सगळ्याच आरोपांतून सुटले होते. "हरलो की जिंकलो" याचं एकच उत्तर त्या पानावर नव्हतंच. निकाल प्रत्येक आरोपीचा आणि प्रत्येक कलमाचा वेगळा असतो.

खैरलांजीत हेच घडलं होतं. 15 सप्टेंबर 2008 रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयानं 11 पैकी 8 जणांना खुनासाठी दोषी धरलं, तिघांना सोडलं. शिक्षा 24 सप्टेंबरला सुनावली: सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. मथळे फाशीचे झाले. पण अॅट्रॉसिटी कायद्याखालचा आरोप त्याच निकालात टिकला नव्हता. खून सिद्ध झाला, पण कायद्याच्या भाषेत तो जातीचा गुन्हा ठरला नाही. आदेश कलमवार वाचल्याशिवाय हे दिसत नाही.

आता आत्याचा प्रश्न. सुटका का झाली हे आदेशात सहसा नसतं. त्यासाठी मागची पानं उलटायची. निकालाच्या सुरुवातीकडे 'मुद्दे' आणि त्यांपुढे 'निष्कर्ष' असा तक्ता बहुधा असतो. आमच्या तक्त्यात प्रश्न असा होता: आरोपींनी जातीवाचक अपमान केल्याचं सरकार पक्षानं सिद्ध केलं का? उत्तर: नाही. प्रश्न आत्या खरं बोलली का, असा नव्हताच. पुढे कारणांत लिहिलं होतं की शेजारचा साक्षीदार फितूर झाला, दुसऱ्यानं नेमके शब्द सांगितले नाहीत, म्हणून संशयाचा फायदा आरोपींना द्यावा लागतो. म्हणजे पुरावा वाजवी संशयापलीकडे गेला नाही. फिर्याद खोटी आहे असं न्यायाधीशांना वाटलं असतं, तर ते कारणांत तसं लिहिलेलं सापडलं असतं.

माझा आक्षेप 'निर्दोष मुक्तता' या आपल्या नेहमीच्या शब्दाला आहे. हिंदीत लोक 'बरी हुआ' म्हणतात, म्हणजे सुटला. मराठीत मात्र सुटकेबरोबर निर्दोषपणाचं प्रमाणपत्रही मिळतं, आणि गावात ते फिर्यादीच्या तोंडावर फेकलं जातं. संशयाचा फायदा मिळून सुटलेल्याला बातमीत 'पुराव्याअभावी सुटला' असं लिहायला काय हरकत आहे?

आदेशातल्या आणखी एका ओळीनं भाचा बुचकळ्यात पडला होता. सुटलेल्या दोघांनाही जातमुचलका द्यायला सांगितलं होतं. ती शिक्षा नव्हे. अपील झालं तर वरच्या कोर्टात हजर राहण्याची ती हमी असते, सहा महिन्यांसाठी.

आणि अपील आपणही करू शकतो. सरकार करो न करो, सुटकेविरुद्ध, कमी गंभीर कलमाखालच्या शिक्षेविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध पीडिताला स्वतःला अपील करता येतं. मात्र फक्त शिक्षा कमी वाटली, एवढ्या कारणावर तो हक्क मिळत नाही. अॅट्रॉसिटीच्या विशेष न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात जायला 90 दिवस असतात, आणि ते निकालाच्या तारखेपासून मोजायचे. प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून प्रतीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यायचा.

अपिलात काय टिकेल, तेही कारणांतूनच कळतं. फितूर साक्षीदार तिथे सहसा परत उभा करता येत नाही. पण आमच्या केसमध्ये आत्याच्या जावेनं ते शब्द जसेच्या तसे सांगितले होते, आणि त्या साक्षीची चर्चा निकालात एका ओळीचीही नव्हती. ते पान मी दुमडून ठेवलं. आत्याला म्हटलं, "तू खोटी ठरली नाहीस. एक कलम जिंकलंय, दुसऱ्यासाठी 89 दिवस आहेत."

ती म्हणाली, "मग उद्याच जा प्रतीला."