कांद्याच्या कंटेनरमागची नोकरी : पदवीधर पोरांना त्यात किती वाव?

अहिल्यानगर : घोडेगाव, नेप्ती, राहुरीच्या बाजारात कांदा विकला की शेतकऱ्याचं काम संपतं. परदेशी जाणाऱ्या मालाचं खरं काम मात्र तिथून पुढं सुरू होतं. हा माल बहुतेक करून न्हावाशेवा बंदरातून जातो. तिथं जहाजात जागा धरणारे फॉरवर्डर आणि कस्टमचे कागद करणारे ब्रोकर पोरांना कामाला घेतात. बीकॉम, बीएस्सी ॲग्री झालेल्या पोरांना लॉजिस्टिकच्या कोर्सच्या जाहिरातीही रोज मोबाईलवर दिसतात. या नोकरीत वाढ कुठं आहे आणि कुठं नाही, हे एका कंटेनरवरून नीट कळतं.

समजा, ५० किलोच्या ५६० गोण्या, म्हणजे २८ टन कांदा चाळीस फुटी कंटेनरात भरला. निर्यातदार बिल आणि पॅकिंग लिस्ट देतो. माल कीडरोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला काढावा लागतो. त्यावरून ब्रोकरच्या ऑफिसातला पोरगा कस्टमच्या आइसगेट या ऑनलाइन यंत्रणेवर शिपिंग बिल भरतो. भरलेल्या कंटेनरचं पक्कं वजन जहाज कंपनीला कळवावं लागतं. कस्टमने निर्यातीचा हुकूम दिल्यावरच माल जहाजावर चढतो.

गडबड होते ती आकड्यांत. कागदावर २८ टन आणि काट्यावर सहाशे किलो कमी, असं झालं की बिलात दुरुस्ती आली. त्यासाठी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तोवर बंदराच्या गेटची वेळ टळली तर जहाज निघून जातं, अन् पुढच्या जहाजापर्यंत भाडं आणि विजेचा खर्च चढत राहतो. म्हणून चांगला पोरगा आधी काट्याची पावती मागतो, मग बिल भरतो.

पैशाचा हिशेबही त्याच्याच हातात असतो. मे २०२४ मध्ये निर्यात खुली झाली तेव्हा टनाला किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के शुल्क होतं. २८ टनांची किंमत १५,४०० डॉलर आणि त्यावर शुल्क ६,१६० डॉलर. तेव्हाच्या भावाने हे शुल्कच एका कंटेनरमागे पाच लाख रुपयांच्या वर गेलं. असा हिशेब चुकला तर माल अडतो.

कागदाची किंमत सगळ्यात जास्त कळली ती डिसेंबर २०२३ मध्ये. ७ तारखेला निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. ज्यांचा माल त्याआधी कस्टमच्या ताब्यात जाऊन नोंदला गेला होता, त्यांना सूट मिळाली. बाकीचा अडकला. एका दिवसाच्या नोंदीवर लाखोंचा माल गेला किंवा राहिला.

पण याच घटनेत धोकाही दिसतो. बंदी ४ मे २०२४ ला उठली. ते पाच महिने कांद्यावरच चालणाऱ्या ऑफिसात पोरांना काम काय उरणार? शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. दिल्लीतल्या एका कागदावर ही नोकरी हलते. म्हणून फक्त कांदा करणाऱ्या ऑफिसपेक्षा द्राक्ष, डाळिंब, यंत्रांचे सुटे भाग, शिवाय आयातही करणारं ऑफिस बरं.

वाढीची शिडी मात्र इथं स्पष्ट आहे. बारावी पास पोराला ब्रोकरकडे एच कार्ड मिळू शकतं. त्यावर धावपळ करता येते, सही करता येत नाही. कस्टमची लेखी परीक्षा पास झाली की जी कार्ड, आणि मग कागदावर सही करायचा अधिकार. पदवी आणि जी कार्डवरचा अनुभव असला की ब्रोकरच्या परवान्याच्या परीक्षेला बसता येतं. इथंच पदवी कामाला येते. नुसतं आकडे टायपायचं काम संगणक हळूहळू गिळतोय. नियम वाचून मालाचा कोड ठरवणारा आणि सही करणारा टिकेल.

गोदामाचं तसं नाही. सुप्यासारख्या एमआयडीसीत हे काम घराजवळ मिळू शकतं, पण कुठला माल कुठं ठेवायचा आणि गाडी कधी लावायची, हे ठरवायच्या जागा थोड्या. बाकी हमाली आणि नोंदी. कस्टमच्या कामाला उरण-पनवेलला खोली करून राहावं लागतं. पहिल्या पगारातून ती खोली परवडते का, हे घरच्यांनी आधी बघावं.

आणखी एक. कार्ड कोर्सवाला देत नाही. ब्रोकर आपल्या नोकरासाठी अर्ज करतो, तेव्हा कस्टम ते देतं. त्यामुळे फी भरण्याआधी एकच विचारायचं : कोर्स झाल्यावर कोणता ब्रोकर कामावर घेऊन कार्डाचा अर्ज करणार, आणि ते लेखी देणार का? उत्तर गोलमाल आलं, तर पैसे खिशातच ठेवलेले बरे.