फॉर्मेट मारून देतो, भाऊ

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात संगणकाच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध मिळतं: फॉर्मेट. निळा पडदा आला, फॉर्मेट. फाइल उघडेना, फॉर्मेट. ते करूनही दुखणं राहिलं, तर मेकॅनिक कपाळावर आठ्या आणून म्हणतो, "मदरबोर्ड गेला असंल भाऊ." या दोन वाक्यांच्या मधे तपासणी नावाची काही चीज असते, हे त्याच्या गावीही नसतं.

दारव्ह्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जुलैत पीकविम्याची गर्दी असते, बाहेर चिखलाच्या चपलांची रांग लागते, आणि नेमकं तेव्हाच माझं मशीन दिवसातून चारदा निळं पडायला लागलं. एकदा MEMORY_MANAGEMENT, दुपारी IRQL_NOT_LESS_OR_EQUAL, संध्याकाळी तिसरंच काही. दर वेळी वेगळं कारण दिसायला लागलं, की शहाण्या माणसानं आधी रॅमवर संशय घ्यावा. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर तो बहुतेक वेळा एकच रडगाणं गातो. आमच्या मेकॅनिकनं मात्र फॉर्मेटचे पाचशे घेतले. विंडोज चढवताना मधेच फाइल खराब असल्याची चूक आली, तर पेनड्राइव्हला शिव्या दिल्या आणि पुन्हा चढवलं. ज्या रॅममधून प्रत्येक फाइल जाते तीच फुटकी असेल, तर नवं विंडोजही फुटकंच चढणार ना? तिसऱ्या दिवशी मशीन पुन्हा निळं झालं. मग अपेक्षेप्रमाणे मदरबोर्ड गेला.

मी रात्री बसलो. विंडोजमध्येच तपासणीचं एक हत्यार असतं:

```
mdsched.exe
```

मशीन परत सुरू होतं, निळ्या पडद्यावर दोन फेऱ्या होतात आणि निकाल लागतो. माझा निकाल आला: दोष नाही. मेकॅनिकला सांगितलं, तर गडी असा हसला की जणू बोर्डाच्या परीक्षेत पहिला आला. पण ती दोन फेऱ्यांची तपासणी म्हणजे डॉक्टरनं जीभ बघून सोडून देणं. F1 दाबून Extended निवडता येतं, फेऱ्याही वाढवता येतात. ते कोण करतो? त्यात दोष सापडला तर तो खराच समजावा, पण सापडला नाही म्हणून रॅम सुटत नाही. आणि सापडला तरी दोन पट्ट्यांपैकी कुठली, हे ते सांगत नाही.

म्हणून Memtest86+ पेनड्राइव्हवर घेतलं. फुकट आहे, आणि विंडोजच्या आधी स्वतःच चालू होतं, त्यामुळे विंडोज बिघडलं की रॅम, हा घोळच उरत नाही. काही मशीनवर आधी बायोसमध्ये Secure Boot बंद करावं लागतं, एवढंच. काम साधं आहे: रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक नक्षी लिहायची, परत वाचायची, जुळते का बघायचं, मग नक्षी उलटी करून पुन्हा. माझ्या 8 जीबीला एक फेरी साधारण तासाची. पहिली फेरी हलकी असते. तेवढ्यावर उठणारा माणूस आणि आपला मेकॅनिक सख्खे भाऊ. मी इन्व्हर्टरवर मशीन लावून झोपलो. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या, आणि पहिली ओळ तिसऱ्या फेरीतली होती.

ओळीत Expected आणि Found असे दोन रकाने असतात: काय लिहिलं आणि काय वाचलं. माझ्याकडे प्रत्येक ओळीत एकाच जागेचा एकच बिट पलटला होता. एका बिटानं काय होतं म्हणून विचारणाऱ्यांसाठी सांगतो. संगणकाच्या लेखी मजकुरातला 3 हा आकडा 00110011 आणि 7 हा 00110111. एक बिट पलटला की शेतकऱ्याच्या गट क्रमांकातल्या 113 चा 117 होऊ शकतो, निळा पडदा न येता, कुणाला कळूही न देता. निळा पडदा हा त्यातला प्रामाणिक प्रकार.

आता खरी मेख. पडद्यावर चुकीचा पत्ता दिसतो, म्हणून काही हुशार लोक म्हणतात, पत्ता वरच्या अर्ध्यात आहे, म्हणजे दुसरी पट्टी खराब. साफ चूक. दोन पट्ट्या जोडीनं चालतात तेव्हा पत्ते आलटूनपालटून दोन्हींवर वाटलेले असतात. पट्टी ओळखायला पट्टी काढावीच लागते, आणि ती कशी काढायची यातच सगळं आहे.

आमच्याकडचा रिवाज असा: पट्टी उपसायची, खोडरबर घासायचा, दाबून बसवायची, मशीन सुरू झालं की चहा मागायचा. आता दोष संपर्कात होता की चिपमध्ये, हे ब्रह्मदेवही सांगणार नाही, कारण आधी काही तपासलंच नाही आणि नंतरही नाही. म्हणून हात लावायच्या आधी तपासणी करायची. मी पट्ट्यांवर मार्करनं १ आणि २ लिहिलं, वायर काढली, बटण दाबून उरलेली वीज घालवली आणि एक नंबर पहिल्या स्लॉटमध्ये एकटी बसवली. रातभर स्वच्छ. बहुतेक लोक इथेच दोन नंबर फेकून देतात. पण दोन नंबरचा स्लॉटही तर तिच्यासोबत रिकामा झाला होता! दुसऱ्या रात्री दोन नंबर पहिल्या स्लॉटमध्ये: चुका. तिसऱ्या रात्री तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये: त्याच चुका. चौथ्या रात्री एक नंबर दुसऱ्या स्लॉटमध्ये: स्वच्छ. चूक पट्टीमागे फिरली, स्लॉटला चिकटून राहिली नाही. मदरबोर्ड निर्दोष सुटला.

उलट झालं असतं, म्हणजे कुठलीही पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्येच रडली असती, तर स्लॉट साफ करून पुन्हा बघायचं, नाही जमलं तर तो सोडून एका स्लॉटवर भागवायचं. दोन्ही पट्ट्या दोन्हीकडे रडल्या, तर बायोसमधला रॅमचा वाढवलेला वेग, पॉवर सप्लाय किंवा प्रोसेसर बघावा. आणि एकट्या चालतात, जोडीनं भांडतात असंही होतं, विशेषतः वेगवेगळ्या कंपनीच्या जोडल्या की. तेव्हा वेग उतरवून बघायचा.

"उन्हाळ्यानं गेली असंल," मेकॅनिकनं शेवटचा बाण सोडला. यवतमाळचं ऊन सगळ्यांच्या कामी येतं. गूगलनं आपल्या सर्व्हरमधल्या रॅमचा अभ्यास 2009 साली छापला; वर्षभरात 8 टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत चुका दिसल्या, आणि कामाचा भार जमेस धरला की तापमानाचा परिणाम फारच थोडा उरला. हे त्याला सांगितलं नाही. सांगून उपयोग?

खर्च आला एका पट्टीचा. महिनाभरातल्या पीडीएफ मात्र एकेक उघडून बघाव्या लागल्या. तीन उघडल्याच नाहीत, त्या शेतकऱ्यांना परत कागद घेऊन बोलवावं लागलं. परवा मेकॅनिक दुकानात आला, काउंटरवर पडलेली दोन नंबर उचलून उलटीपालटी केली आणि म्हणाला, "ही फेकता काय भाऊ? दोनशे देतो. कोणाच्या तरी मशीनले चालून जाईल."