आधी गल्ला नव्हे, खर्च मोजा

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यातून एका भगिनीने आम्हाला विचारले आहे: शिल्लक सहा लाख आहे. चहाच्या एका साखळी दुकानाची फ्रँचायझी घ्यावी की पहाटेच्या लोकलने जाणाऱ्यांसाठी घरून नाश्त्याचे डबे द्यावेत? घरात व्याजाचे कर्ज नको, म्हणून ही शिल्लक हीच सारी पुंजी.

फ्रँचायझीत नाव आणि तयार पद्धत मिळते, हे खरे. पण रॉयल्टी विक्रीवर द्यावी लागते, नफ्यावर नाही. समजा, रोजची विक्री तीन हजार, म्हणजे महिन्याला नव्वद हजार. कंपनीकडूनच घ्यायचा माल ४५ टक्के धरला तर साडेचाळीस हजार. सहा टक्के रॉयल्टी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून ६,३७२ रुपये. भाडे, एक कामगार आणि वीज यांचे एकोणचाळीस हजार. हातात उरतात ४,१२८ रुपये, तेही दिवसभर गल्ल्यावर बसून. विक्री रोज २,७०० च्या आसपास आली की नफा संपतो. वीस रुपयांचे गिऱ्हाईक धरले तर एवढ्यासाठीच रोज १३५ गिऱ्हाइके हवीत. पावसाच्या दिवशी ती येतील का?

कंपनी विक्रीचे आकडे दाखवील. आपण मात्र चालू दुकानदाराकडे मालखरेदीची बिले मागावीत. महिन्याला चाळीस हजारांचा माल घेणारा दोन लाखांची विक्री करू शकत नाही. बंद पडलेले एखादे दुकान शोधून त्याच्या मालकालाही भेटावे. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यावरच सारे चालते, म्हणून जे कागदावर नाही ते मिळेल असे धरू नये. मुदत किती, जवळच दुसरे दुकान देणार का, बंद केल्यास कोणती रक्कम परत, हे सहीपूर्वी वकिलाकडून वाचून घ्यावे.

डब्याचा हिशेब लहान आहे. पन्नास रुपयांचा डबा, सामान व पॅकिंग अठ्ठावीस. रोज पंचवीस डबे, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १४,३०० रुपये सुटतात. गॅस आणि पोहोचवण्याचे तीन हजार गेले तरी ११,३०० उरतात. पण पहाटे तीनला उठणारे दोघे आहेत. ही दोघांची मजुरी आहे, निव्वळ नफा नव्हे. शिवाय एक जण आजारी पडला की धंदा थांबतो.

आमचे मत असे: अन्नसुरक्षेची नोंदणी करून तीस हजारांत दोन महिने डबे देऊन पाहावेत. ओळखीपाळखीचे सोडून किती गिऱ्हाईक दुसऱ्या महिन्यातही टिकले, ते वहीत लिहावे. पंधराच्या खाली राहिले तर थांबावे. बरीचशी शिल्लक शाबूत असेल. फ्रँचायझीचे शुल्क आणि सजावटीचा पैसा मात्र दुकान बंद झाल्यावर सहसा परत येत नाही.

दोन महिन्यांनी ती वही आणि करार शेजारी ठेवून निर्णय घ्यावा.