घरातला मोबाईल : निकाहचा व्हिडिओ परदेशी पाठवताना



गेल्या महिन्यात चिपळूणजवळच्या एका भगिनीने विचारलं होतं : 'नणंदेच्या मुलीचा निकाह झाला. मुलीचे अब्बा शारजात आहेत, रजा मिळाली नाही. चुलत्याने वकील म्हणून मुलीची इजाजत घेतली. तो सगळा प्रसंग मी बायकांच्या खोलीत मोबाईलवर टिपला आहे, पण नऊ मिनिटांचा व्हिडिओ काही केल्या जात नाही. शिवाय त्यात बाकीच्या बायका दिसतात, त्यांचं बोलणंही आलं आहे. ते कसं काढायचं?'

प्रश्न दोन आहेत. एक, व्हिडिओ फार मोठा आहे. दुसरा, त्यातलं सगळंच पाठवण्यासारखं नाही. या दोघांचा उपाय एकच असेल असं आपल्याला वाटतं, आणि तिथेच गडबड होते.

आखाती देशांत राहणाऱ्या नातेवाइकांसाठी असा व्हिडिओ किती महत्त्वाचा असतो, हे कोकणातल्या घरांना सांगायला नको. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल चालत नाहीत, म्हणून निकाहच्या वेळी बापाला व्हॉट्सॲपवर थेट दाखवता येत नाही. मेसेज, फोटो, व्हिडिओ आणि फाईल मात्र तिथे जातात. म्हणजे मुलीच्या तोंडची 'हां' बापाला व्हॉट्सॲपवर ऐकायची असेल, तर हा व्हिडिओ नीट पोहोचायला हवा.

आधी आकाराचा हिशोब करू. आजकालचे फोन साधारण 1080 या दर्जाने चित्रण करतात. त्यात एका मिनिटाला अंदाजे 130 एमबी जागा लागते. फोन नवा असेल आणि चित्रण आटोपशीर पद्धतीने साठवत असेल तर निम्मी, आणि कॅमेरा 4K वर राहून गेला असेल तर दुप्पट-तिप्पट. आपण 130 धरू. नऊ मिनिटांचे झाले 1170 एमबी, म्हणजे जवळजवळ सव्वा जीबी. ज्यांच्या रिचार्जमध्ये रोज दीड जीबी मिळतो, त्यांचा दिवसभराचा डेटा एका व्हिडिओत गेला.

व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ दोन वाटांनी जातो. पहिली वाट आपण नेहमी वापरतो ती, गॅलरीतून व्हिडिओ निवडून पाठवायची. या वाटेने व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं. तो झटपट जातो, पण चेहरे धूसर होतात. वर HD ची खूण असते, ती दाबली तर चित्र बरं जातं, पण तेही मूळ चित्र नव्हे. दुसरी वाट 'Document' ची. कागदपत्र पाठवतो तसा व्हिडिओ फाईल म्हणून पाठवायचा. या वाटेने तो जसाच्या तसा जातो, दर्जा अजिबात उतरत नाही. इथली मर्यादा पूर्वी 100 एमबी होती, 2022 पासून ती 2 जीबी झाली. म्हणजे आपला सव्वा जीबीचा व्हिडिओ नियमात बसतो. मग जात का नाही? कारण नेट. सेकंदाला एक एमबी वर चढतो असं धरलं, तरी वीस मिनिटं लागतात, आणि गावात एवढा वेग सलग टिकत नाही. ईमेलचा विचार इथे सोडून द्या. जीमेलवर जोडपत्राची मर्यादा 25 एमबी आहे. त्याहून मोठी फाईल असली की जीमेल ती गूगल ड्राइव्हवर ठेवून फक्त लिंक पाठवतं, आणि ड्राइव्हवर चढवायला तीच वीस मिनिटं लागतात.

तेव्हा खरा उपाय कापण्याचा.

या भगिनीने व्हिडिओ कागद-पेन घेऊन पुन्हा पाहावा आणि वेळा लिहून काढाव्यात. समजा, पहिली पाच मिनिटं खोलीत नुसती लगबग आहे. कोणी ओढणी न घेता बसलेलं आहे, कोणी कुणाच्या मोडलेल्या सोयरिकीबद्दल बोलत आहे. 5 मिनिटं 10 सेकंदांवर वकील आणि दोन साक्षीदार येतात, मेहर सांगून मुलीला विचारतात, ती 'हां' म्हणते, सही करते. हे 6 मिनिटं 50 सेकंदांपर्यंत चालतं. नंतर 7:30 ते 8:10 या वेळात मुलगी अम्मीच्या गळ्यात पडून रडते. दृश्य अब्बांनी पाहावं असंच आहे, पण मागे दोन खाला मुलाकडच्यांच्या देण्याघेण्यावर बोलत आहेत आणि ते स्पष्ट ऐकू येतं.

म्हणजे आपल्याला दोन तुकडे हवेत. पहिला 100 सेकंदांचा, आवाजासह. दुसरा 40 सेकंदांचा, आवाजाशिवाय. पहिला होईल साधारण 217 एमबी, दुसरा 87. दोन्ही मिळून 300 च्या आसपास, म्हणजे त्याच वेगाने पाच मिनिटांत काम होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुष्कळ जण आकार कमी करायला आवाज बंद करतात. आवाजाला व्हिडिओत फारच थोडी जागा लागते, मिनिटाला एक-दोन एमबी. 87 एमबीच्या तुकड्यातला आवाज काढला तर एखादा एमबी वाचेल, बस्स. आकार घटतो तो लांबी कापल्याने. आवाज काढायचा तो लोकांचं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून. आणि उलटही खरं आहे, आवाज बंद केल्याने चित्रातलं काही झाकलं जात नाही. ओढणीशिवाय बसलेली बाई दिसत असेल, तर तेवढा वेळ कापूनच टाकावा लागतो.

आता कापायचं कुठे? व्हॉट्सॲपमध्येच सोय आहे. गॅलरीतून व्हिडिओ निवडला की वर चित्रांची पट्टी येते. तिची दोन टोकं बोटाने आत सरकवली की व्हिडिओ कापला जातो, खाली उरलेली लांबी आणि आकार दिसतो. तिथेच स्पीकरची खूण असते, ती दाबली की आवाज बंद. एखाद्या मिनिटाचं काम असेल तर हे ठीक. पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे आवाज बंद होतो तो निवडलेल्या सबंध तुकड्याचा, मधल्या दहा सेकंदांचा वेगळा नाही. म्हणूनच आपण दोन तुकडे केले. दुसरी अडचण जास्त फसवी आहे : ही पट्टी फक्त गॅलरीच्या वाटेवर मिळते, जिथे व्हिडिओ दाबला जातो. 'Document' च्या वाटेवर पट्टी नाही. तिथे निवडाल ती फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्या आवाजासकट जाते.

म्हणून चांगला दर्जा हवा असेल, तर व्हॉट्सॲप उघडण्याआधीच कापा. अँड्रॉइडवर गूगल फोटोज उघडा, व्हिडिओ निवडून 'Edit' दाबा, पट्टीची टोकं 5:10 आणि 6:50 वर आणा आणि 'Save copy' करा. मूळ व्हिडिओला धक्का लागत नाही, कापलेली नवी प्रत तयार होते. मग मूळ व्हिडिओ पुन्हा उघडून 7:30 ते 8:10 चा तुकडा करा, स्पीकरची खूण दाबून आवाज घालवा, त्याचीही प्रत ठेवा. आयफोनवर हेच 'Photos' मध्ये होतं. 'Done' दाबल्यावर 'Save Video as New Clip' निवडा, म्हणजे मूळ वेगळं राहील.

टोकं अगदी शब्दाला चिकटवून ठेवू नका. काही ॲप बोट ठेवाल तिथेच न कापता सेकंदभर मागेपुढे कापतात. 'हां' अर्धवट तुटायला नको, म्हणून आवाजाच्या तुकड्याला दोन्हीकडे एक-दोन सेकंद जास्त द्या. मात्र त्या जास्तीच्या सेकंदांत नको ते बोलणं किंवा नको तो चेहरा येत नाही ना, हे ऐकून-पाहून घ्या.

आता पाठवताना 'Document' निवडून या दोन प्रती घ्यायच्या. मूळ व्हिडिओ आणि प्रतींची नावं सारखीच दिसतात, VID आणि पुढे आकडे. नावावर जाऊ नका, आकार बघा. 217 एमबीच्या आसपास दिसला तर तो पहिला तुकडा, जीबीत आकडा दिसला तर तो मूळ व्हिडिओ, तिथे हात आवरा. दुसऱ्या तुकड्याचा आवाज गेला की नाही हे मात्र आकारावरून कळणार नाही, ते आपण वर पाहिलंच. तो वाजवूनच बघावा लागतो, आणि फोनचा आवाज पूर्ण वाढवून. फोनचाच आवाज बंद असेल तर सगळेच व्हिडिओ मुके वाटतात.

मी स्वतः एक सवय ठेवली आहे. घरच्या बायकांचं चित्र असलेली फाईल आधी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवते. संपर्कांच्या यादीत आपलंच नाव असतं, तिथे. मग ती उघडून शेवटपर्यंत बघते, ऐकते, आणि तिथूनच पुढे पाठवते. फॉरवर्ड केलेली फाईल जशी तपासली तशीच जाते, आणि लगेच केलं तर बहुधा दुसऱ्यांदा चढवावीही लागत नाही, त्यामुळे डेटाही वाचतो.

फाईल म्हणून पाठवलेल्या व्हिडिओत आणखी एक गोष्ट सोबत जाऊ शकते : कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर चित्रण कुठे झालं तो ठिकाणा. मुलीच्या अब्बांना पाठवताना त्याची फिकीर नाही. पण तीच फाईल पुढे कुटुंबाच्या दोनशे माणसांच्या ग्रुपवर जाणार असेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन निकाहच्या आधीच बंद केलेलं बरं.

आणि चुकून मूळ व्हिडिओ गेलाच, तर त्यावर बोट दाबून धरा, 'Delete for everyone' निवडा. पाठवल्यापासून सुमारे अडीच दिवसांपर्यंत हे करता येतं. समोरच्याने तोवर फाईल उतरवून दुसरीकडे साठवली असेल किंवा पुढे पाठवली असेल, तर ती परत येत नाही. म्हणून पहिल्या दोन-चार मिनिटांत लक्षात आलं तरच याचा खरा उपयोग. सव्वा जीबीची फाईल असेल तर निदान एवढं आहे की ती वर चढतानाच शेजारी फुलीची खूण दिसते. ती दाबली की पाठवणं तिथेच थांबतं, आणि फाईल समोर पोहोचतच नाही.